रिलिव्हिंग लेटर मागण्याचा मेल: तारखा नक्की कशा लिहायच्या आणि मुदत कशी द्यायची

प्रश्न: चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी 2 ऑगस्ट 2021 पासून क्वालिटीत होतो. 1 डिसेंबर 2025 ला राजीनामा दिला, 60 दिवसांची नोटीस पूर्ण केली आणि 30 जानेवारी 2026 ला शेवटचा दिवस भरला. 2 फेब्रुवारीला नवीन कंपनीत रुजू झालो. तिथे 45 दिवसांत रिलिव्हिंग लेटर आणि एक्स्पीरियन्स लेटर द्यायचं आहे. जुन्या एचआरला फोन केला की 'एफ अँड एफ झाल्यावर देऊ', म्हणजे अंतिम हिशेब झाल्यावर देऊ, एवढंच ऐकायला मिळतं. कुणीतरी म्हणालं, नो ड्यूजच्या फॉर्मवर, म्हणजे माझ्याकडे काही बाकी नाही या कागदावर, स्टोअरची सही राहिली आहे. लेखी मागू कसं? तारीख टाकून मागितलं तर उद्धट वाटेल का? संबंध बिघडवायचे नाहीत.

उत्तर:

तारीख टाकूनच मागा. एचआरच्या टेबलापलीकडे मी बरीच वर्षं बसलो आहे, आणि तिथून दिसणारी गोष्ट सांगतो. सोडून गेलेल्या माणसाची पत्रं मुद्दाम अडवणारे फार थोडे असतात. बहुतेक पत्रं एवढ्यासाठीच पडून राहतात, की पत्र टाइप करणाऱ्या एक्झिक्युटिव्हला कुठली तरी एक गोष्ट कुणाला तरी विचारायची असते आणि ते विचारणं रोज उद्यावर जातं. म्हणून तुमचा मेल असा हवा, की तो उघडून समोर ठेवला तर कुणालाही काहीही न विचारता पत्र टाइप करता यावं. मुदत ही त्या मेलमधली शेवटची ओळ. बाकीचा मेल व्यवस्थित असेल तर ती ओळ कुणालाही टोचत नाही.

आज 21 फेब्रुवारी, शनिवार. मेल सोमवारी सकाळी जाऊ द्या. तोवर दोन दिवसांत कागद गोळा करा.

पहिलं काम तारखांचं. तुम्ही 30 जानेवारी म्हणता ते बरोबर आहे. 1 डिसेंबरचा दिवस सोडून 2 डिसेंबर पहिला धरला, तर 31 डिसेंबरला 30 दिवस होतात आणि 30 जानेवारीला 60. पण कंपनीकडे हीच तारीख नोंदवलेली आहे, असं गृहीत धरू नका. राजीनाम्याचा दिवसही मोजणारे 29 जानेवारी लिहितात. नेमणूकपत्रात '60 दिवस' ऐवजी 'दोन महिने' असं छापलेलं असेल, तर 31 जानेवारी निघते. पगाराचा महिना 31 ला संपतो म्हणून सिस्टिममध्ये सरसकट महिनाअखेर टाकणाऱ्या कंपन्याही आहेत. एक-दोन दिवसांच्या या फरकाने तुमचं फार बिघडणार नाही.

बिघडतं ते तारीख पुढे गेली की. नोटीस पीरियडमध्ये घेतलेली रजा नोटिशीत जोडण्याचा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. समजा तुम्ही जानेवारीत दोन दिवस रजा घेतली होती आणि कुणी ते दोन दिवस कामाचे दिवस म्हणून पुढे जोडले, तर शेवटचा दिवस 2 किंवा 3 फेब्रुवारी होतो. नवीन कंपनीत तुम्ही 2 फेब्रुवारीला रुजू झालात. म्हणजे कागदावर एकाच दिवशी दोन नोकऱ्या. नवीन कंपनीची पडताळणी करणारी एजन्सी नेमकी हीच गोष्ट शोधत असते आणि तिथे लाल खूण पडते. मग खुलासे, पुन्हा जुन्या एचआरला मेल, पुन्हा वाट पाहणं. म्हणून राजीनामा स्वीकारल्याचा मेल आधी शोधा. त्यात शेवटचा दिवस म्हणून 30 जानेवारी लिहिलेली असेल, तर तो मेल तुमचा सगळ्यात भक्कम कागद आहे. कंपनीचा मेलबॉक्स आता बंद झाला असेल आणि तो मेल स्वतःकडे पाठवून ठेवायचा राहिला असेल, तर एचआरच्या सिस्टिममधून आलेला एसएमएस, मॅनेजरने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेली तारीख, जानेवारीच्या पगारपावतीवरचे हजर दिवस, जे असेल ते काढून ठेवा.

रुजू झाल्याची तारीखही तपासा. नेमणूकपत्रावर 2 ऑगस्ट 2021 आहे ना? मग ईपीएफच्या सदस्य पोर्टलवर `View` मध्ये `Service History` उघडा आणि तिथे कोणती तारीख आहे ते बघा. पहिले काही महिने ट्रेनी म्हणून किंवा कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर गेलेले असतील, तर पीएफमधली तारीख पुढची दिसते. तसं असेल तर मेलमध्ये नेमणूकपत्राचीच तारीख लिहा आणि नेमणूकपत्राची प्रत जोडा. दोन्हींत फरक आहे हे तुम्हाला आत्ताच माहीत असलं, म्हणजे पुढे नवीन एचआरने विचारलं तर गडबडायला होत नाही.

आता स्टोअरची सही. 'एफ अँड एफ झाल्यावर' या वाक्यामागे बहुतेक वेळा असलीच एखादी सही असते. क्वालिटीच्या माणसाच्या नावावर मोजमापाची साधनं असतात: मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल, कधी बोअर गेज. जाताना ती आपण शिफ्टमधल्या सहकाऱ्याच्या हातात देतो आणि काम झालं असं समजतो. पण स्टोअरच्या किंवा कॅलिब्रेशनच्या रजिस्टरमध्ये इश्यूच्या रकान्यात अजून तुमचंच नाव असतं. स्टोअरवाला रजिस्टर बघूनच सही करतो, त्यामुळे ती राहते. तो हे एचआरला कळवत नाही, आणि एचआरसाठी तुमचा नो ड्यूज फक्त 'अपूर्ण' असतो. हा तिढा मेलने सुटत नाही. ज्या सहकाऱ्याला साधन दिलं त्याला फोन करा, त्याला स्टोअरमध्ये जाऊन ते साधन स्वतःच्या नावावर चढवून घ्यायला सांगा, आणि त्या नोंदीचा फोटो मागवा. हँडओव्हर शीटवर साधनाचा नंबर आणि त्याची सही असेल तर तीही चालेल. साधन खरंच सापडत नसेल तर तेही लेखी कळवा आणि त्याची रक्कम हिशेबातून वळती करून घ्यायला सांगा. शे-दोनशेच्या किंवा अगदी काही हजारांच्या वस्तूसाठी पत्र अडवून धरण्यापेक्षा ती रक्कम कापून घेणं कंपनीलाही सोपं जातं.

तुमच्या फोनवर जे झालं त्याचं कारण आणखी एक आहे. दोन्ही पत्रं तुम्ही एकत्र मागितलीत आणि समोरच्याने दोन्ही एफ अँड एफला बांधून टाकली. प्रत्यक्षात ती वेगळी आहेत. रिलिव्हिंग लेटर एवढंच सांगतं, की तुमचा राजीनामा स्वीकारला आणि अमुक दिवसाच्या कामकाजानंतर तुम्हाला कार्यमुक्त केलं. एक्स्पीरियन्स लेटरमध्ये तुम्ही कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या पदावर, कोणत्या विभागात काम केलं ते येतं, वर्तणुकीबद्दल एखादं वाक्य असतं. नवीन कंपनीला तातडीने हवं असतं ते पहिलं.

मग एचआर पहिलं पत्रसुद्धा हिशेबापर्यंत का अडवतं? कारण बऱ्याच कंपन्यांच्या रिलिव्हिंग लेटरच्या साच्यात 'तुमचा सर्व हिशेब पूर्ण झाला आहे' असं एक वाक्य छापलेलंच असतं. हिशेब झालेला नसताना त्या वाक्याखाली सही कोण करणार? त्यांची अडचण खरी आहे, आणि तिच्यावरचा उपाय तुम्हीच सुचवायचा: 'हिशेब बाकी असल्यास पत्रात तसा उल्लेख करून, त्याच्या अधीन राहून रिलिव्हिंग लेटर द्यावे.' या एका वाक्याने सही करणाऱ्याची जोखीम संपते. नवीन कंपनीला त्या उल्लेखाचं सहसा काही वाटत नाही, त्यांना कार्यमुक्तीची तारीख हवी असते. हे वाक्य मेलमध्ये आहे आणि पत्र निघालं, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता मुदत. मागून मोजत या. रुजू झाल्याचा दिवस धरून मोजलं तर 45 वा दिवस 18 मार्चला येतो. तो सोडून मोजलं तर 19 मार्च, आणि त्या दिवशी गुढीपाडवा आहे. म्हणजे कसंही मोजा, हातात 18 मार्च, बुधवारपर्यंतच वेळ आहे. पहिल्या मेलमध्ये 18 मार्च लिहिलीत तर चुकाल, कारण पत्र त्या दिवशी आलं नाही किंवा आलं पण त्यात तारीख चुकली, तर दुरुस्तीला एकही दिवस उरत नाही. मी असतो तर 6 मार्च, शुक्रवार ही तारीख दिली असती. मध्ये धुळवडीची सुट्टी धरूनसुद्धा त्यांना आठवड्याहून जास्त कामाचे दिवस मिळतात, सही करणारे प्लांट हेड दोन दिवस बाहेर असले तरी चालतं, आणि तुमच्याकडे आठवण करून द्यायला एक पूर्ण आठवडा राहतो. '10 दिवसांच्या आत' असं लिहू नका. कुणाचे 10 दिवस, कधीपासून, सुट्ट्या धरून की सोडून, यावरच गाडी अडते. तारीख आणि वार दोन्ही लिहा.

मुदत उद्धट वाटते ती दोन कारणांनी. एक, तिच्यामागचं कारण सांगितलेलं नसतं. दुसरं, समोरच्याला वेगळी तारीख सुचवायला जागा ठेवलेली नसते. तुमच्याकडे खरं कारण आहे: नवीन कंपनीने 18 मार्चपर्यंत मागितलं आहे. ते सरळ लिहा. आणि 6 तारखेला जमत नसेल तर कधी जमेल ते कळवायला सांगा. त्यामुळे समोरचा गप्प बसत नाही, निदान एक तारीख तरी लेखी देतो. ती पुढे तुमच्या कामाची असते.

मेल तुमच्या वैयक्तिक पत्त्यावरून जाईल, म्हणून विषयातच नाव आणि एम्प्लॉयी कोड येऊ द्या, नाहीतर तो अनोळखी मेलांच्या ढिगात जातो. मुख्य पत्ता पत्र बनवणाऱ्या एचआर एक्झिक्युटिव्हचा, प्रत एचआर मॅनेजरला आणि तुमच्या जुन्या विभागप्रमुखांना. पहिल्याच मेलला डायरेक्टर किंवा प्लांट हेडला प्रत लावू नका. त्याने काम लवकर होत नाही आणि एक्झिक्युटिव्ह मात्र दुखावला जातो. तुमच्याकडे मेल इंग्रजीत लिहायची पद्धत असेल तर इंग्रजीत लिहा, पण क्रम हाच ठेवा. मसुद्यात स्वीकृतीची, साधन दिल्याची तारीख आणि शेवटचं पद मी अंदाजाने धरलं आहे, तुमचं खरं ते टाका.

विषय: रिलिव्हिंग लेटर व एक्स्पीरियन्स लेटर मिळण्याबाबत – (पूर्ण नाव), एम्प्लॉयी कोड (…), शेवटचा दिवस 30 जानेवारी 2026

नमस्कार मॅडम,

मी आपल्या चाकण प्लांटच्या क्वालिटी विभागात सीनियर क्वालिटी इंजिनिअर या पदावर कार्यरत होतो. माझ्या नोकरीचा तपशील असा:

रुजू झाल्याची तारीख: 2 ऑगस्ट 2021
राजीनाम्याची तारीख: 1 डिसेंबर 2025
राजीनामा स्वीकारल्याचा आपला मेल: 5 डिसेंबर 2025
कामाचा शेवटचा दिवस: 30 जानेवारी 2026 (60 दिवसांची नोटीस पूर्ण)

लॅपटॉप, ओळखपत्र व विभागातील कागदपत्रे मी शेवटच्या दिवशी जमा केली आहेत. स्टोअरकडील नो ड्यूजची सही बाकी असल्याचे मला तोंडी समजले. माझ्या नावावरील मायक्रोमीटर 28 जानेवारीला सहकाऱ्याकडे सोपवला असून हँडओव्हर शीटची प्रत सोबत जोडली आहे. याव्यतिरिक्त माझ्याकडून काही बाकी असल्यास कृपया याच मेलवर कळवावे, मी ते लगेच पूर्ण करेन.

माझ्या सध्याच्या कंपनीने 18 मार्च 2026 पर्यंत ही पत्रे सादर करण्यास सांगितले आहे. त्यामुळे दोन्ही पत्रे शुक्रवार, 6 मार्च 2026 पर्यंत मिळावीत अशी विनंती आहे. अंतिम हिशेब तोपर्यंत पूर्ण होणार नसेल, तर पत्रात तसा उल्लेख करून निदान रिलिव्हिंग लेटर त्या तारखेपर्यंत द्यावे. एक्स्पीरियन्स लेटर हिशेबानंतर दिले तरी चालेल. 6 मार्चला शक्य नसल्यास कोणत्या तारखेला मिळेल ते कृपया कळवावे.

पत्रांची सही-शिक्क्याची पीडीएफ या मेलवर पाठवली तरी चालेल. मूळ प्रत घेण्यासाठी मी प्लांटवर येऊ शकतो.

सोबत: नेमणूकपत्र, राजीनामा स्वीकारल्याचा मेल, हँडओव्हर शीट.

आपला,
(पूर्ण नाव, एम्प्लॉयी कोड, मोबाइल नंबर)

मेलमध्ये काय नाही तेही बघा. 'अनेकदा फोन करूनही' नाही, कायद्याचं कलम नाही, 'अन्यथा' नाही, आणि लांबलचक आभारही नाहीत. मेल गेला की दुपारी एकच फोन करा आणि एवढंच विचारा: मेल मिळाला का, जोडलेले कागद उघडतात का. त्यापुढे त्या आठवड्यात फोन नको.

6 मार्च गेली आणि काहीच आलं नाही, तर सोमवारी, 9 मार्चला, त्याच मेलला उत्तर म्हणून लिहा, नवा मेल करू नका. सगळा इतिहास एका धाग्यात राहिला पाहिजे. आता एचआर हेडला प्रत लावायला हरकत नाही. मजकूर चार ओळींचा: '23 फेब्रुवारीच्या खालील मेलमध्ये 6 मार्चपर्यंत पत्रे मिळण्याची विनंती केली होती. अद्याप पत्रे किंवा उत्तर मिळालेले नाही. माझ्याकडून काही बाकी असल्यास कळवावे. नसल्यास रिलिव्हिंग लेटर शुक्रवार, 13 मार्चपर्यंत द्यावे. त्यानंतर मला सध्याच्या कंपनीला विलंबाचे कारण लेखी कळवावे लागेल.' शेवटचं वाक्य धमकीचं नाही, ते खरंच आहे. आणि त्याच दिवशी याच मजकुराचं छापील पत्र सही करून स्पीड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा, पावती आणि पोच जपून ठेवा. कागदी पत्र आलं की ते इनवर्ड रजिस्टरमध्ये चढतं, त्यावर नंबर पडतो आणि ते कुणाच्या तरी ट्रेमध्ये 'उत्तर बाकी' म्हणून दिसत राहतं. मेलला हे भाग्य नसतं.

नवीन कंपनीला मात्र 13 मार्चची वाट बघत बसू नका. पहिला मेल गेला की आठवडाभरात तिथल्या एचआरला सांगून टाका, की पत्रं मागितली आहेत, ही मेलची प्रत, आणि तोवर हे कागद: राजीनामा स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट. बहुतेक कंपन्या एवढ्यावर मुदत वाढवून देतात. मुदत संपल्यावर सांगितलं तर ते लपवल्यासारखं दिसतं. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली असेल तर त्याचा स्क्रीनशॉटही द्या. ती भरली नसेल, तर पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` वापरून ती स्वतः भरता येते, पण शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यानंतरच. तुमची शेवटची वर्गणी जानेवारीची, म्हणजे 18 मार्चच्या आधी त्या सोयीचा उपयोग नाही. पुढे पीएफ ट्रान्सफरसाठी ती लागू शकते. तेव्हा तारीख टाकताना दोनदा बघा, कारण एकदा भरलेली तारीख बदलून घेणं फार त्रासाचं आहे. आणि पत्रावर जी तारीख आहे तीच तिथे येऊ द्या.

कायद्याचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण लोक पहिल्याच मेलमध्ये कायदा घालतात म्हणून लिहितो. प्रत्येक खासगी कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याला अमुक दिवसांत रिलिव्हिंग लेटर द्यावं, असं सांगणारा एखादा सरसकट कायदा नाही. कारखान्यातल्या कामगारांना स्थायी आदेशांमधून सेवेचा दाखला मिळण्याची सोय असते, पण तुम्ही त्या अर्थाने कामगार आहात का, हे व्हिजिटिंग कार्डावरच्या पदावरून ठरत नाही, तुम्ही प्रत्यक्ष कोणतं काम करत होता यावर ठरतं. क्वालिटी इंजिनिअरच्या बाबतीत हे दोन्ही बाजूंनी झुकू शकतं. बाकीच्यांना नेमणूकपत्र आणि कंपनीची एक्झिट पॉलिसी हाच आधार. त्यात पत्रं देण्याचा उल्लेख असेल तर दुसऱ्या मेलमध्ये तो परिच्छेद नम्रपणे दाखवून द्या.

पैशांच्या बाबतीत मात्र तुमची बाजू जास्त भक्कम आहे. वेतन संहिता 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे, आणि तिच्या कलम 17 प्रमाणे राजीनामा देऊन नोकरी सोडणाऱ्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. तुमचा शेवटचा दिवस 30 जानेवारी होता. म्हणजे 'एफ अँड एफ झाल्यावर' असं म्हणून जो हिशेब पुढे ढकलला जातो आहे, तो लांबवण्याचं कारण कंपनीकडे नाही. हा मुद्दा पहिल्या मेलमध्ये नको. 13 मार्चही कोरी गेली, तर तिसऱ्या आणि शेवटच्या पत्रात एका वाक्यात घाला, आणि मग कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करायची की वकिलाकडून नोटीस पाठवायची, ते ठरवा. तोवर तुमच्या हातात तारखांसह तीन पत्रं असतील, आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत इथपर्यंत जायची वेळ येईल असं मला वाटत नाही. स्टोअरची नोंद बदलली की बहुधा पत्र हलेल.

कंपनी म्हणाली की तुमची नोटीस दोन दिवस कमी पडते, तर वाद घालत बसू नका. त्यांना लेखी विचारा, की त्यांच्या हिशेबाने शेवटचा दिवस कोणता. उत्तर 30 जानेवारीनंतरची तारीख असेल तर लगेच लिहा: 'मी 30 जानेवारीनंतर कामावर नव्हतो व 2 फेब्रुवारीपासून दुसरीकडे रुजू आहे. कमी पडलेल्या दिवसांचे वेतन हिशेबातून वळते करून कार्यमुक्तीची तारीख 30 जानेवारीच ठेवावी.' दोन दिवसांचा पगार गेला तरी चालेल, तारीख पुढे जाऊ देऊ नका. इथे मी ठाम आहे. दोन दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात विसरायला होतात, पण चुकीची तारीख पुढच्या प्रत्येक नोकरीच्या पडताळणीत निघते.

पत्र आलं की आनंदाने लगेच पुढे पाठवून देऊ नका, आधी पाच मिनिटं वाचा. लेटरहेडवर आहे का, पत्राची स्वतःची तारीख आहे का, सही आणि सही करणाऱ्याचं पद आहे का. नाव आधारवर आहे तसंच हवं. वडिलांचं नाव मध्ये येणं-न येणं, आडनावाचं स्पेलिंग, हे आपल्याकडे सतत चुकतं. पद शेवटचं हवं. नेमणुकीच्या वेळी तुम्ही क्वालिटी इंजिनिअर असाल आणि पुढे सीनियर झाला असाल, तर जुन्या साच्यातून जुनंच पद उतरतं. मग दोन्ही तारखा. आणि कुठे 'गैरहजर', 'नोटीस अपूर्ण' किंवा काम सोडून निघून गेल्याच्या अर्थाचा शब्द नाही ना, ते बघा. चूक दिसली तर त्याच दिवशी उत्तर द्या, चुकीची ओळ आणि बरोबर ओळ एकाखाली एक लिहून, सोबत पुरावा जोडून. पत्राची फाइल संगणकात उघडी आहे तोवर दुरुस्ती दोन मिनिटांत होते, महिन्याभराने तीच दुरुस्ती मंजुरीला जाते.

पीडीएफ कंपनीच्या अधिकृत मेल पत्त्यावरूनच मागवा. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर आभार माना आणि मेलही करायला सांगा. पडताळणी करणारे पत्र कुठून आलं ते विचारतात आणि त्याच पत्त्यावर उलट विचारणा करतात. तिथे पत्र बनवणाऱ्या मॅडमच उत्तर देणार असतात, म्हणून पत्र मिळाल्यावर त्यांना दोन ओळींचा आभाराचा मेल जरूर करा आणि त्यातच विचारून ठेवा, की पडताळणीची विचारणा आली तर ती कोणत्या मेलवर पाठवायला सांगू. तो पत्ता नवीन कंपनीच्या फॉर्ममध्ये भरा.